कोणाच्या वाट्याला कमी आले?

वरोऱ्याहून आलेला तो अर्ज हातात आला तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि आधीचे चाळीसेक अर्ज वाचून डोळे दमले होते. एका कारखान्याला मनुष्यबळ विभागात सहायक व्यवस्थापक नेमायचा होता आणि निवड समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावले होते. एचआरच्या बहुतेक अर्जांत हल्ली असतो तो प्रश्न इथेही होता : कामाच्या ठिकाणी तुम्ही सोडवलेला एक वाद सांगा. उत्तराला जागा दोनशे शब्दांची.

या उमेदवाराने जागा पुरती वापरलीही नव्हती. तिचे उत्तर असे होते : ‘आमच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज व कामगार यांच्यात गैरसमजातून तणाव निर्माण झाला होता. मी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या व प्रभावी संवादातून सर्वमान्य तोडगा काढला. परिणामी कामगारांचे मनोबल उंचावले, गैरहजेरी घटली व उत्पादकतेत लक्षणीय सुधारणा झाली.’

यात चुकीचे काही नाही. म्हणूनच यातून काही कळतही नाही. कारखान्याच्या जागी इस्पितळ घाला, शिफ्ट इन्चार्जच्या जागी मेट्रन घाला, उत्तर तसेच चालेल. उरलेल्या अर्जांतली निम्मी उत्तरे याच साच्यातून निघाली होती. मी गुण देताना हात आखडता घेतला. शिक्षण आणि अनुभव चांगला म्हणून तिला मुलाखतीला बोलावले गेले, एवढेच.

मुलाखतीत मी सहज विचारले, “गैरसमज नेमका काय होता?”

ती क्षणभर थांबली. म्हणाली, “गैरसमज नव्हता सर. वाघ होता.”

समितीतले दोघे हसले. ती हसली नाही. पुढची वीस मिनिटे तिने जे सांगितले त्यासाठी हे संपादकीय लिहितो आहे. तिची परवानगी घेतली आहे. कारखाना, गावे आणि माणसे ओळखू येणार नाहीत इतके तपशील बदलले आहेत, कारण वरोऱ्याएवढ्या गावात ‘अमक्या कारखान्यातला तो इन्चार्ज’ म्हटले की चहाच्या टपरीवर नाव कळते.

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. त्याच वर्षी फेब्रुवारीत चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात कामावरून घरी निघालेल्या एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्याच्या गेटवर ती बातमी पोचलेली होती. या कारखान्यात दुसरी पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. पाळीतले अकरा जण झुडपी जंगलाला लागून असलेल्या दोन गावांतून सायकलने यायचे. जुलैत त्यांच्या रस्त्यावरच्या नाल्याजवळ वाघ दिसल्याची वार्ता आली आणि हे अकराही जण दहा वाजून वीस मिनिटांनी एकत्र निघू लागले. अकराला निघाले तर पाळी सुटताना बाकीचे वरोऱ्याच्या दिशेने जातात आणि आपल्या वाटेला चिटपाखरू नसते, असे त्यांचे म्हणणे. दहा-वीसला मात्र शेजारच्या एका युनिटची माणसे त्याच वाटेने निघत. सोबत मिळायची ती तेव्हाच.

शिफ्ट इन्चार्जची बाजूही ऐकण्यासारखी होती. तो नागपूरचा, गावात भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा, तो रस्ता त्याने कधी पाहिलेलाच नव्हता. त्याच्या हिशेबी चाळीस मिनिटे यंत्रावर माणूस नसे. महिन्यापूर्वीच अशा एका रिकाम्या यंत्रावर माल अडकून पट्टा जळाला होता आणि खुलासा त्यालाच द्यावा लागला होता. त्याने चार रात्री तोंडी सांगून पाहिले. पाचव्या रात्रीपासून मस्टरवर अकराही जणांची अर्ध्या दिवसाचे खाडे मांडले. पगाराच्या दिवशी ते कळल्यावर अकरांमधला एक जण मस्टर घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. इन्चार्ज सगळ्यांदेखत म्हणाला, “वाघाले भेते का कामाले बे?” त्यावर त्या कामगाराने मस्टरचे पान टरकावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकल्प व्यवस्थापकांनी तिला बोलावून दोन कामे सांगितली : पान फाडणाऱ्याला निलंबित करायचे आणि अकराही जणांचा आठ दिवसांचा पगार कापायचा.

आठ दिवसांची गोष्ट त्यांनी हवेतून काढलेली नव्हती. तेव्हा लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम ९ मध्ये तशी तरतूद होती. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, रीतसर पूर्वसूचना न देता आणि वाजवी कारण नसताना गैरहजर राहिले, तर नोटिशीबदली आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येत असे. (नव्या वेतन संहितेतही हे कलम जवळपास तसेच उतरले आहे.) अकरा जण होते, एकत्र निघत होते, कोणी लेखी कळवले नव्हते. कलम अंगावर चढवायला तयारच होते.

इथे या उमेदवाराने पहिली गोष्ट केली ती अशी की तिने त्या दिवशी काहीच केले नाही. व्यवस्थापकांकडून दोन दिवस मागून घेतले. कारण कलमातले दोन शब्द तिला अडत होते. ‘पूर्वसूचना’ या शब्दाला अर्थ येतो तो नेमणुकीच्या अटींत तशी सूचना देण्याचे बंधन असेल तेव्हा. तिने नेमणूक पत्रे काढली; त्यांत तशी अट नव्हती. आणि ‘वाजवी कारण’ होते की नव्हते हे कार्यालयात बसून ठरणार नव्हते.

म्हणून ती दुपारी स्कूटीवर त्या रस्त्याने गेली. नाल्याच्या पुढे पहिल्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वनविभागाची सूचना चिकटवलेली होती : परिसरात वाघाचा वावर आहे, अंधार पडल्यावर एकट्याने जाऊ नये, गटाने जावे. खाली शिक्का आणि तारीख. ती तारीख कामगार लवकर निघायला लागले त्याच्या तीन दिवस आधीची होती. तिने फोटो काढला, वनरक्षकाशी बोलली, परत येऊन तो फोटो फाइलला लावला.

मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. भांडणात कोण खरे बोलतो हे ठरवायच्या आधी तिने भीती खरी आहे का ते तपासले. वादातल्या माणसांना आधी समोरासमोर बसवण्याची आपल्या धंद्यात घाई असते. दोघांना बसवून बोलते केले की आपण काम केले असे वाटते. इथे तसे केले असते तर एकाने ‘पट्टा जळाला’ म्हटले असते, दुसऱ्याने ‘वाघ आहे’ म्हटले असते, आणि इन्चार्जने ते बहाणा म्हणून ऐकले असते. सूचनेचा कागद टेबलावर आल्यावर बहाण्याचा मुद्दाच संपला आणि बोलायला उरले ते फक्त चाळीस मिनिटांच्या यंत्राचे.

पगाराचा हिशेब तिने सरळ केला. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. चाळीस मिनिटे म्हणजे तिचा बारावा भाग. अर्धा दिवस कापणे म्हणजे गैरहजेरीच्या सहापट कापणे. आणि जितकी गैरहजेरी तितकीच कपात हे त्याच कलम ९ चे मूळ सूत्र होते. म्हणजे इन्चार्जची नोंद खरी, पण कपात बेकायदा. तिने व्यवस्थापकांना एका पानाचे टिपण दिले : प्रत्येकाचे प्रत्येक रात्रीचे चाळीस मिनिटांचे वेतन कापावे, बाकीचे परत द्यावे. ‘लवकर गेले’ ही मस्टरवरची नोंद खोडू नये.

ही शेवटची ओळ मला महत्त्वाची वाटते. पूर्ण पगार परत दिला असता तर कामगार खूश झाले असते, पण इन्चार्जच्या नोंदीला उद्यापासून कोणी विचारले नसते. तिने दोन्ही बाजूंना आपापले एक वाक्य खरे म्हणता येईल अशी जागा ठेवली. ‘मी लिहिले ते खरे होते’, आणि ‘आमचे जादा कापलेले परत मिळाले’.

असा मार्ग जुना आहे. अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या १९१८ च्या संपात मालक वीस टक्के वाढीवर अडून होते आणि कामगारांनी पस्तीस टक्क्यांची शपथ घेतली होती. गांधीजींच्या उपोषणानंतर जो समझोता झाला त्यात पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी वीस टक्के आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय येईपर्यंत साडेसत्तावीस टक्के असे ठरले. एक दिवस कामगारांच्या शपथेचा, एक दिवस मालकांच्या शब्दाचा. खरा आकडा ठरवायचे काम आनंदशंकर ध्रुव यांच्याकडे गेले आणि त्यांनी पुढे पस्तीस टक्के दिले. त्या तीन दिवसांच्या मांडणीला गांधीजींनाही फार अभिमान नव्हता; पण गिरण्या सुरू झाल्या.

यंत्राचा प्रश्न मात्र शब्दांच्या जागेने सुटणारा नव्हता. पाळीची वेळ बदलून दोन ते दहा करावी असे कोणीतरी सुचवले. तिने नको म्हटले. पाळीच्या वेळेतला बदल म्हणजे तेव्हाच्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९-अ खालची एकवीस दिवसांची नोटीस, आणि तीही उरलेल्या साठ-सत्तर कामगारांना, ज्यांची काही तक्रारच नव्हती. तिने गेटवरचे वाहनांचे रजिस्टर उघडले. तिसऱ्या पाळीच्या काही लोकांना गावातून आणणारी भाड्याची गाडी पावणेअकराला आवारात येऊन सकाळपर्यंत उभी असायची. तीच गाडी अकरा-दहाला या अकरा जणांना सोडून परत येईल, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. व्यवस्थापकांनी डिझेलचा हिशेब मागितला, तिने दिला, आणि शेजारी जळालेल्या पट्ट्याची किंमत लिहिली. गाडी मंजूर झाली, पण फक्त वनविभागाची सूचना लागू असेपर्यंत. सायकली गाडीच्या टपावर.

आता राहिले फाटलेले पान. तिची पारख इथेच दिसली, आणि अर्जात नेमके हेच नव्हते.

व्यवस्थापकांना निलंबन हवे होते. कामगारांना सगळे विसरून जावे असे वाटत होते. मस्टर फाडणे हा गैरवर्तनाचा प्रकार आहे यात वाद नाही. सोडून दिले तर पुढच्या वेळी कोणीही रजिस्टरला हात घालेल. निलंबित केले तर उरलेले दहा जण त्याच रात्री बाहेर पडले असते. तिने कारणे दाखवा नोटीस काढली. कामगाराने लेखी कबूल केले. चौकशी न बसवता लेखी ताकीद दिली गेली आणि ती त्याच्या फाइलला लागली.

आणि इन्चार्जने जे शब्द वापरले त्याचे काय? तिने पाच जणांना विचारले. पाचही जणांनी तोंडी सांगितले, लेखी द्यायला एकही तयार झाला नाही. रोज त्याच्याच हाताखाली काम करायचे होते. लेखी जबाब नाही तर लेखी कारवाई नाही. व्यवस्थापकांनी इन्चार्जला केबिनमध्ये बोलावून बंद दाराआड समज दिली. कागदावर काही आले नाही.

“म्हणजे एकाच्या फाइलमध्ये पत्र गेले आणि दुसऱ्याला फक्त बोलणी बसली,” ती म्हणाली. “सारखे झाले नाही. मला ते तेव्हाही माहीत होते. मी त्या कामगाराला नोटीस देताना तेच सांगितले, की तुझे कागदावर आहे, त्याचे कागदावर आणता आले नाही, म्हणून तुझ्यावर कारवाई होते आहे आणि त्याच्यावर होत नाही.”

समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्याने विचारले, कामगाराला हे सांगणे शहाणपणाचे होते का? तिचे उत्तर असे : “त्याला ते कळणारच होते. माझ्याकडून कळले तर तो पुढच्या वेळी माझ्याकडे येईल, एवढे मी बघितले.”

तो आला का? आला. ऑक्टोबरात पहिली पाळी मागायला. इन्चार्ज आणि तो त्यानंतर कामापुरतेही फारसे बोलले नाहीत, आणि तिने त्यांना हात मिळवायला लावले नाही. वाद मिटला हे तिने कशावरून ठरवले, असे विचारले तेव्हा तिने उत्पादकता वगैरे काढली नाही. पाळी-बदलाच्या लॉगबुकात आधी रिकामी राहणारी ‘ताबा घेतला’ ही सही गाडी सुरू झाल्यापासून नोव्हेंबरपर्यंत रोज अकराच्या आसपास होती. एवढाच पुरावा होता. तो पुरेसा होता.

मुलाखत संपल्यावर मी तिला तिचाच अर्ज दाखवला आणि यातले काहीच का लिहिले नाही ते विचारले. ती म्हणाली, क्लासमध्ये सांगितले होते की नकारात्मक काही लिहू नये, आणि शेवटी आकडा किंवा सुधारणा यायला हवी.

हा सल्ला आपल्यापैकीच कोणीतरी देत असणार. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम अशी चौकट शिकवली जाते ती वाईट नाही, पण तिच्यात ‘कृती’ हा एकच खण असल्यामुळे उमेदवार कृतींची रांग लावतो : ऐकले, बोललो, बैठक घेतली. माणसे हाताळण्याची पारख कृतीत दिसत नाही, दोन कृतींमधल्या निवडीत दिसते. निलंबन आणि माफी समोर असताना ताकीद का, हे सांगितले तर त्या माणसाचे डोके दिसते. सोडून दिलेला पर्याय उत्तरात नसेल तर निवडही नसते.

त्याच दोनशे शब्दांत हे बसते का, असे कोणी म्हणेल. मी तिच्या गोष्टीवरून बसवून पाहिले :

‘दुसऱ्या पाळीतले अकरा कामगार रस्त्यावर वाघाच्या भीतीने रोज चाळीस मिनिटे लवकर निघत. इन्चार्जने अर्ध्या दिवसाचे खाडे लावले; वादात त्याने अपमान केला आणि एका कामगाराने मस्टर फाडले. व्यवस्थापनाला निलंबन आणि आठ दिवसांची कपात हवी होती. मी आधी रस्ता पाहिला. वनविभागाची लेखी सूचना मिळाली, त्यामुळे “वाजवी कारण नाही” असे म्हणता येत नव्हते. कपात गैरहजेरीच्या प्रमाणात चाळीस मिनिटांवर आणली, पण इन्चार्जची नोंद कायम ठेवली. पाळीची वेळ बदलणे टाळले, कारण त्याचा भार इतरांवर पडला असता. आवारात उभी असलेली गाडी वापरली. मस्टर फाडणाऱ्याला लेखी ताकीद दिली. इन्चार्जविरुद्ध लेखी जबाब न मिळाल्याने त्याला तोंडी समजच देता आली. हे असमान होते आणि मी ते कामगाराला सांगितले. पुढचे चार महिने पाळीचा ताबा वेळेवर दिला गेला. दोघांचे संबंध सुधारले नाहीत.’

मोजून पाहा, दोनशेच्या बरेच आत आहे. आणि ‘संबंध सुधारले नाहीत’ हे शेवटचे वाक्य वाचून कोणता अनुभवी निवडकर्ता अर्ज बाजूला टाकेल? मी तर तिथेच विश्वास ठेवला असता.

एक इशारा मात्र उमेदवारांना द्यायला हवा. लैंगिक छळाच्या तक्रारीचे प्रकरण या प्रश्नाच्या उत्तरात कधीही वापरू नका, नावे गाळूनसुद्धा नाही. २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारीचा मजकूर, चौकशी आणि संबंधितांची ओळख उघड करायला मनाई करते. असे प्रकरण अर्जात लिहिणाऱ्याने आपली पारख नाही, आपला अविचार दाखवलेला असतो. मी असे दोन अर्ज पाहिले आहेत. दोन्ही पहिल्याच फेरीत बाहेर गेले आणि ते योग्यच झाले. तसेच मोठा संप सांगू नका, जो वरच्यांनी मिटवला आणि तुम्ही फक्त बैठकीच्या नोंदी लिहिल्या. वाद छोटा चालेल, पण निर्णय तुमचा हवा.

आणि जे निवड समित्यांवर बसतात त्यांच्यासाठी : असे सपाट अर्ज येतात त्यात आपला वाटा मोठा आहे. ‘तुम्ही सोडवलेला वाद सांगा’ म्हटले की माणूस सोडवणाराच बनून येतो. भरती करणाऱ्या कारखान्याच्या अर्जातला प्रश्न आम्ही पुढच्या भरतीसाठी बदलला आहे. आता तो असा आहे : ‘तुमच्या हातून मिटलेला एक वाद सांगा. दुसरा कोणता मार्ग तुम्ही सोडून दिलात? शेवटी कोणाच्या वाट्याला कमी आले?’ जागा तीनशे शब्दांची केली आहे. आपल्या अर्जात हा प्रश्न घालून पाहावा आणि काय उत्तरे आली ते आम्हाला कळवावे. निवडक उत्तरे, ओळख गाळून, पुढच्या अंकांत छापू.

वरोऱ्याची उमेदवार आता भरती करणाऱ्या त्या कारखान्यात रुजू झाली आहे.